‘येथे क्लिक करा’ म्हणजे नेमके कुठे?

नगरपरिषदेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या भरतीचे पान आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी उघडलेले असते, स्वतःसाठी नाही तर घरातल्या मुलासाठी. त्यावर साधारण असा मजकूर असतो: ‘कनिष्ठ लिपिक पदाच्या भरतीची जाहिरात पाहण्यासाठी येथे क्लिक करा. ऑनलाइन अर्ज करण्यासाठी येथे क्लिक करा. प्रवेशपत्र डाउनलोड करण्यासाठी येथे क्लिक करा. वयोमर्यादेतील बदलाचे शुद्धिपत्रक येथे पाहा.’ चारही ‘येथे’ निळ्या रंगात, खाली रेघ. डोळ्यांनी वाचणाऱ्याला यात काही खटकत नाही, कारण निळ्या शब्दावर नजर पडते तेव्हा त्याच्या डावीकडचे चार शब्दही आपोआप वाचले जातात. ‘येथे’चा अर्थ त्या चार शब्दांत असतो.

आता हेच पान न पाहता वाचायचे आहे असे समजा. दृष्टिहीन व्यक्ती संगणकावर स्क्रीन रीडर वापरते. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा हा प्रोग्राम. विंडोजवर एनव्हीडीए आणि जॉज हे दोन जास्त चालतात. एनव्हीडीए ऑस्ट्रेलियातल्या दोन दृष्टिहीन तरुणांनी २००६ साली सुरू केला आणि तो फुकट मिळतो, म्हणून आपल्याकडे विद्यार्थ्यांच्या संगणकावर तोच अधिक दिसतो. अँड्रॉइड फोनवर टॉकबॅक असतो, आयफोनवर व्हॉइसओव्हर.

स्क्रीन रीडर वापरणारा माणूस पान वरपासून खालपर्यंत ऐकत बसतो, असा एक गैरसमज आहे. कोण बसेल? सरकारी पानाच्या डोक्यावरच मुख्यपृष्ठ, आमच्याविषयी, विभाग, योजना, निविदा, छायाचित्र दालन, अशी वीस-तीस कलमांची मेनूपट्टी असते. ती दर वेळी ऐकायची म्हटली तर कामाच्या ओळीपर्यंत पोचेपर्यंत चहा गार होतो. डोळस माणूस पान चाळतो, तसेच हाही चाळतो, फक्त बोटांनी. Tab दाबले की पुढच्या लिंकवर किंवा बटणावर उडी. एनव्हीडीएमध्ये K दाबले की फक्त लिंकवरून लिंकवर उडी. आणि Insert आणि F7 या दोन कळा एकत्र दाबल्या की पानावरच्या सगळ्या लिंका एका वेगळ्या चौकटीत यादीसारख्या समोर येतात. जॉजमध्येही हीच जोडी चालते. यादीत बाण दाबत खाली जायचे, हवी ती लिंक ऐकू आली की Enter.

या यादीत फक्त लिंकचे शब्द येतात, आजूबाजूचे वाक्य येत नाही. आपल्या भरतीच्या पानावर Insert + F7 दाबले तर मधल्या भागाची यादी अशी दिसते आणि अशीच ऐकू येते:

```
येथे क्लिक करा
येथे क्लिक करा
येथे क्लिक करा
येथे पाहा
```

एसटी स्टँडवर प्रत्येक गाडीच्या पाटीवर गावाच्या नावाऐवजी ‘ही गाडी’ एवढेच लिहिलेले असावे, तसा हा प्रकार आहे. यादी बंद करून पुन्हा पानात शिरायचे, प्रत्येक लिंकच्या आधीचे वाक्य उलटे जाऊन ऐकायचे, आणि अर्जाची शेवटची तारीख आजच असेल तर हे सगळे घाईत करायचे.

इलाज अवघड नाही, आणि मराठीत तर तो विशेष सोपा आहे. मराठी वाक्यात कर्म आधी येते आणि क्रियापद शेवटी. त्यामुळे लिंकला जे नाव हवे ते त्या वाक्यात बहुधा आधीच लिहिलेले असते. ‘प्रवेशपत्र डाउनलोड करण्यासाठी येथे क्लिक करा’ या वाक्यात ‘प्रवेशपत्र’ आणि ‘डाउनलोड’ हे दोन्ही कामाचे शब्द सुरुवातीलाच आहेत. लिखाण करणाऱ्याने निळी रेघ मात्र शेवटच्या, सर्वांत निरुपयोगी शब्दांखाली ओढली. ती रेघ उचलून पुढे आणायची आणि शेपूट कापून टाकायचे: ‘प्रवेशपत्र डाउनलोड करा’. वाक्य लहानही होते. चारही लिंकांचे असे केले की यादी अशी होते:

```
जाहिरात: कनिष्ठ लिपिक भरती (पीडीएफ, २ एमबी)
ऑनलाइन अर्ज भरा
प्रवेशपत्र डाउनलोड करा
शुद्धिपत्रक: वयोमर्यादेतील बदल (पीडीएफ)
```

पानावरचे दुसरे एक अक्षर माहीत नसलेल्या माणसालाही आता कुठे जायचे ते कळते. कंसातली ‘पीडीएफ, २ एमबी’ ही भरही लिंकच्या आतच ठेवलेली बरी. फोनवर कमी डेटा असलेल्याला ती उपयोगी पडते, आणि स्क्रीन रीडरवाल्याला आधीच कळते की आता वेगळी फाइल उघडणार आहे. एंटर दाबल्यावर अचानक दुसराच प्रोग्राम बोलू लागला तर माणूस गोंधळतो.

‘जाहिरात’ आणि ‘शुद्धिपत्रक’ हे शब्द मी मुद्दाम पुढे ठेवले आहेत. आपल्या कार्यालयांची सवय उलटी असते. तिथल्या पद्धतीने नावे दिली तर ती ‘नगरपरिषद कनिष्ठ लिपिक सरळसेवा भरती २०२५ जाहिरात’, ‘नगरपरिषद कनिष्ठ लिपिक सरळसेवा भरती २०२५ शुद्धिपत्रक’ अशी होतील. नावे पूर्ण आहेत, चूक एकही नाही. पण ऐकणाऱ्याला फरकाचा एकमेव शब्द येण्याआधी प्रत्येक ओळीत तेच पाच-सहा शब्द पुन्हा ऐकावे लागतात. सराईत माणूस लिंकचे पहिले एक-दोन शब्द ऐकतो आणि नको असेल तर लगेच खाली सरकतो. म्हणून दोन लिंकांमधला फरक जिथे आहे तो शब्द पहिला हवा. एनव्हीडीएच्या यादीत गाळणीची चौकटही असते. तिच्यात ‘प्रवेश’ एवढे टाइप केले की प्रवेशपत्राची ओळ तेवढी उरते. ज्या पानावर सगळ्याच ओळी ‘येथे’ आहेत तिथे ही गाळणी काय गाळणार?

मराठीची एक अडचणही आहे, आणि इंग्रजीत लिहिलेल्या मार्गदर्शनात ती सापडायची नाही. आपले प्रत्यय शब्दाला चिकटतात. ‘सुधारित जाहिरातीनुसार वयोमर्यादा ४३ वर्षे आहे’ असे वाक्य आहे आणि जाहिरातीची लिंक द्यायची आहे. काही जण फक्त ‘जाहिरात’ एवढीच अक्षरे निवडून लिंक लावतात आणि ‘ीनुसार’ बाहेर ठेवतात. मग वेलांटी लिंकच्या बाहेर पडते. पडद्यावर ती कधी वेगळ्या रंगात दिसते, कधी टिंबांच्या पोकळ वर्तुळावर लटकते, आणि स्क्रीन रीडर एका शब्दाचे दोन तुकडे करून वाचतो. लिंक नेहमी अख्ख्या शब्दाला द्यावी. पण अख्खा ‘जाहिरातीनुसार’ निवडला तरी यादीत ‘सुधारित जाहिरातीनुसार’ असे अर्धवट ऐकू येते, कशानुसार काय, ते कळत नाही. अशा वेळी वाक्यच थोडे हलवलेले बरे: ‘वयोमर्यादा ४३ वर्षे आहे. पाहा: सुधारित जाहिरात’, आणि लिंक शेवटच्या दोन शब्दांना. लिंकचे शब्द एक तर प्रत्ययाविना उभे असलेले नाम असावे, नाही तर ‘भरा’, ‘डाउनलोड करा’ असे आज्ञार्थी क्रियापद. एवढे पाळले की वाक्याबाहेर काढल्यावरही ते लंगडत नाहीत.

तक्त्यांची गोष्ट जरा निराळी. निविदांचे किंवा शासन निर्णयांचे पान म्हणजे लांबलचक तक्ता असतो: क्रमांक, विषय, दिनांक आणि शेवटच्या रकान्यात ‘पाहा’. पन्नास ओळी, पन्नास ‘पाहा’. सर्वांत स्वच्छ उपाय म्हणजे तो रकानाच काढून टाकावा आणि विषयाच्या शब्दांनाच लिंक करावे. पण तक्ता आधीच्या साच्यातून येत असेल आणि रकाना हलवता येत नसेल, तर पडद्यावर ‘पाहा’ एवढेच ठेवून ऐकणाऱ्यासाठी पूर्ण नाव कोडमध्ये देता येते:

```html
<a href="nivida-14.pdf"
   aria-label="पाहा: रस्ते दुरुस्ती निविदा, प्रभाग ३">पाहा</a>
```

`aria-label` मधला मजकूर डोळ्यांना दिसत नाही. स्क्रीन रीडर मात्र ‘पाहा’च्या जागी तो वाचतो. ‘जागी’ हा शब्द महत्त्वाचा. तो मजकूर दिसणाऱ्या शब्दांत भर घालत नाही, त्यांना पूर्ण बाजूला सारतो. म्हणून दिसणारा ‘पाहा’ त्यातही आला पाहिजे, आणि सुरुवातीलाच आलेला बरा. हात चालत नसल्यामुळे संगणकाला तोंडाने हुकूम देणारी माणसे पडद्यावर जे दिसते तेच बोलतात. दिसते ‘पाहा’ आणि आतले नाव ‘निविदा क्रमांक १४’ असेल, तर त्यांनी ‘पाहा’ म्हटल्यावर संगणक ढिम्म राहतो. पहिला शब्द फरकाचा हवा, हा वरचा नियम इथे नाइलाजाने मोडतो. आणखी एक धोका म्हणजे पुढच्या वर्षी कोणी तरी जुनी ओळ नक्कल करून नवी निविदा टाकतो, दिसणारे सगळे बदलतो, आणि न दिसणारे नाव जुनेच राहते. मग डोळसाला नवी निविदा दिसते आणि दृष्टिहीनाला जुनी ऐकू येते. म्हणून माझे मत असे की, दिसणाऱ्या शब्दांत भागत असेल तिथे हा छुपा मजकूर वापरूच नये.

बातम्यांच्या पानांवर उलट आजार असतो. एका बातमीचे छायाचित्र, मथळा आणि खाली ‘पुढे वाचा’, तिन्ही स्वतंत्र लिंका आणि तिन्ही एकाच ठिकाणी नेणाऱ्या. वीस बातम्यांच्या साठ लिंका होतात. छायाचित्राला पर्यायी मजकूर दिलेला नसेल तर स्क्रीन रीडर नाइलाजाने पत्त्यातले किंवा फाइलच्या नावातले तुकडे वाचू लागतो, म्हणजे ‘आयएमजी अंडरस्कोर’ आणि पुढे आकड्यांची माळ. मथळा तेवढा लिंक ठेवावा. चांगला मथळा हे लिंकचे उत्तमच नाव असते, बातमीदाराने ते आधीच करून ठेवलेले असते.

मग काही जण म्हणतात, नाव द्यायची कटकटच नको, पत्ताच छापून टाकू. इंग्रजी पत्ता लहान असेल तर एक वेळ चालते. देवनागरी पत्त्याचे काय होते ते मराठी विकिपीडियाचा एखादा पत्ता व्हॉट्सअ‍ॅपवर चिकटवणाऱ्याने पाहिले असेल. ‘मराठी’ हा शब्द संगणकाच्या हिशेबी पाच चिन्हांचा आहे: म, र, काना, ठ, वेलांटी. प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात आणि पत्त्यात प्रत्येक बाइट तीन अक्षरांत लिहिला जातो. म्हणजे हा एक शब्द पत्त्यात पंचेचाळीस अक्षरांचा होतो:

```
%E0%A4%AE%E0%A4%B0%E0%A4%BE%E0%A4%A0%E0%A5%80
```

हे कोणाला वाचून दाखवायचे? ‘पर्सेंट ई शून्य पर्सेंट ए चार’ हे ऐकून पाहा. मेल, वर्ड किंवा गुगल डॉक्समध्ये शब्द निवडून Ctrl + K दाबले की पत्ता त्या शब्दांमागे लपवता येतो. व्हॉट्सअ‍ॅपच्या साध्या संदेशात ती सोय नाही. तिथे पत्त्याच्या आधीच्या ओळीत तो कशाचा आहे ते लिहावे, आणि एका संदेशात एकच पत्ता टाकावा. सोसायटीच्या ग्रुपवर नुसते पत्ते फेकणाऱ्यांबद्दल मी इथे बोलत नाही, त्यांच्याबद्दल वेगळा लेख लागेल.

लिंक वाक्यापासून तुटते ती फक्त स्क्रीन रीडरमध्येच नाही. अंधुक दिसणारी माणसे पडदा चारपट, सहापट मोठा करून वाचतात. तेवढ्या मोठ्या पडद्यावर एका वेळी तीन-चार शब्द मावतात, आणि ‘येथे क्लिक करा’ दिसत असते तेव्हा ‘प्रवेशपत्र’ पडद्याबाहेर गेलेले असते. कागदावर तर कहरच होतो. संकेतस्थळावरची सूचना छापून फलकावर लावायची आपल्याकडे पद्धत आहे. फलकावरच्या ‘येथे क्लिक करा’ समोर उभ्या असलेल्या माणसाने काय करावे? ‘शुद्धिपत्रक: वयोमर्यादेतील बदल’ असे छापलेले असेल तर निदान काय शोधायचे ते त्याला कळते.

हे काही आजचे शहाणपण नाही. वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने १९९९ सालच्या पहिल्या सुगम्यता मार्गदर्शिकेतच लिंक कुठे नेते ते स्पष्ट करा, असे सांगितले होते. २००१ मध्ये ‘क्लिक हिअर’ हे शब्द लिंकला वापरू नका, अशी वेगळी सूचनाही काढली. शोधयंत्रांचाही यात स्वार्थ आहे. गुगलच्या संस्थापकांनी १९९८ च्या आपल्या शोधनिबंधात लिहिले होते की, लिंकचे शब्द पुष्कळदा त्या पानापेक्षाही त्या पानाचे अधिक अचूक वर्णन करतात, म्हणून गुगल ते शब्द लिंक ज्या पानाकडे जाते त्याच्या नावावर जमा करते. याचा एक गमतीदार परिणाम झाला. पीडीएफ वाचण्यासाठी लागणारा अडोबी रीडर उतरवून घ्यायला ‘क्लिक हिअर’, असे जगभरच्या पानांनी लिहून ठेवले होते, त्यामुळे गुगलवर ‘क्लिक हिअर’ शोधले की बरीच वर्षे अडोबीचे पान वर येत असे. तुमच्या तालुक्याच्या प्रवेशपत्राचे पान ‘येथे क्लिक करा’ या नावावर जमा होऊन कोणाच्या काय कामाचे?

नियमांत मात्र एक फट आहे आणि ती माहीत असायला हवी. आपल्या केंद्र सरकारची संकेतस्थळांविषयीची मार्गदर्शिका, जीआयजीडब्ल्यू, आज तिसऱ्या आवृत्तीत आहे. ती डब्ल्यूसीएजी २.१ या आंतरराष्ट्रीय मानकाची ‘एए’ पातळी मागते. त्या मानकात लिंकच्या नावाविषयी दोन कलमे आहेत. कलम २.४.४ सर्वांत खालच्या ‘ए’ पातळीचे आहे: लिंकचा हेतू तिच्या शब्दांतून किंवा त्याच वाक्यातल्या, परिच्छेदातल्या, तक्त्याच्या चौकटीतल्या मजकुरातून कळला तरी पुरे. कलम २.४.९ सर्वांत वरच्या ‘एएए’ पातळीचे: हेतू नुसत्या लिंकच्या शब्दांतून कळला पाहिजे. सरकारी पानांना ‘एए’पर्यंतच बंधन आहे, म्हणजे २.४.९ सुटते. परिणामी ‘प्रवेशपत्र डाउनलोड करण्यासाठी येथे क्लिक करा’ हे वाक्य तपासणीत बिनदिक्कत उत्तीर्ण होते, कारण अर्थ त्याच वाक्यात आहे. आणि Insert + F7 च्या यादीत ते तसेच मुके राहते. ‘आमच्या साइटचे ऑडिट झाले आहे’ असे कोणी सांगितले तर ते खोटे नसते, पण त्यावरून लिंकांची यादी ऐकण्याजोगी आहे असा अर्थ काढू नये. निव्वळ शब्द हलवून हे होत असताना ‘एएए’ नको म्हणून सोडून देणे मला आळशीपणाचे वाटते.

अति करण्याचीही गरज नाही. मेनूतले ‘मुख्यपृष्ठ’ किंवा ‘संपर्क’ एका शब्दात पुरेसे स्पष्ट आहेत. ‘मुख्यपृष्ठावर जाण्यासाठीची लिंक’ असे लिहिणे म्हणजे ऐकणाऱ्याला शिक्षा, कारण ‘लिंक’ हा शब्द स्क्रीन रीडर स्वतःहून उच्चारतोच. अख्ख्या परिच्छेदाला लिंक करणेही चूक. तो एका दमात नाव म्हणून वाचला जातो. तीन ते सात-आठ शब्दांत बहुतेक नावे बसतात.

तपासायला स्क्रीन रीडरच हवा असे नाही. संगणकावर क्रोम किंवा फायरफॉक्समध्ये पान उघडून F12 दाबा, ‘Console’ या भागात ही ओळ टाका आणि Enter दाबा:

```js
[...document.links].map(a => a.textContent.trim())
```

पानावरच्या सगळ्या लिंकांचे दिसणारे शब्द यादीत येतील; यादी उलगडली की ते एकाखाली एक दिसतील. रिकामी अवतरणचिन्हे दिसली तर ती बहुधा चित्राची किंवा आयकॉनची लिंक; तिला पर्यायी मजकूर आहे का ते वेगळे पाहावे लागेल. एकच शब्द पुन्हा पुन्हा आला आणि तो वेगवेगळ्या ठिकाणी नेत असेल, तर ती दुरुस्तीची जागा. `aria-label` मधली छुपी नावे या ओळीत येत नाहीत, त्यासाठी एनव्हीडीएच चालवावा लागतो.

पान तुमचे नसेल आणि सरकारी असेल, तर जीआयजीडब्ल्यूप्रमाणे त्यावर वेब माहिती व्यवस्थापकाचे नाव आणि संपर्क दिलेला असायला हवा, बहुधा तळाशी किंवा ‘संपर्क’मध्ये. त्यांना लिहिताना ‘साइट सुगम नाही’ असे मोघम लिहू नका. पानाचा पत्ता द्या, आत्ताचे शब्द लिहा आणि त्यांच्या जागी हवे असलेले शब्दही लिहून द्या: ‘येथे क्लिक करा’ ऐवजी ‘प्रवेशपत्र डाउनलोड करा’. इतके तयार मिळाले की दुरुस्ती करणाऱ्याला फक्त नक्कल करून चिकटवायचे उरते.